‘कल्हई’ : पाच मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म, तीन अंक, ड्राफ्ट दुसरा

ओंकार, श्रुती, तन्मय, पहिला ड्राफ्ट वाचून तुम्ही तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलंत, की आपला कल्हईवाला चाचा नेमका बदलतो कुठे? तुमचं बरोबर होतं. त्या ड्राफ्टमध्ये त्याच्यासोबत गोष्टी घडत होत्या पण तो स्वतः काहीच ठरवत नव्हता, शेवटी एक मुलगी भातुकलीचं पातेलं घेऊन यायची आणि त्याचं भलं करून जायची. ती मुलगी मी काढून टाकलीये. आता अख्ख्या फिल्ममध्ये चेहरा एकच, रहीमचाचाचा. बाकी माणसं म्हणजे हात, सावल्या, खिडकीचे गज, बांगड्यांचा आवाज. डायलॉग नाहीत, फक्त त्याची हाळी आहे, आणि तीसुद्धा पूर्ण अशी एकदाच ऐकू येणार.

हिशोब आधी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, त्यातली २० क्रेडिट्सची, उरले २८०. आपण टूज् वर काम करतोय म्हणजे सेकंदाला १२ ड्रॉइंग, एकूण ३३६०. शॉट साधारण ४५. यातून एकही शॉट फुकट घालवणं परवडणार नाही, म्हणून प्रत्येक शॉटला मी एकच प्रश्न विचारलाय: हा शॉट नसला तर २ मिनिटं ५६ सेकंदांनी जे होतं ते हलकं पडेल का? नाही पडणार असं वाटलं तो शॉट गेला.

अंक पहिला, ०:०० ते १:१५

सुरुवात अंधारातून, आधी आवाज. हाताने फिरवायच्या पंख्याची घरघर, भट्टीतल्या कोळशाची चुरचुर. मग उजेड येतो आणि दिसतो एका लहान मुलाचा हात, पंख्याचा दांडा फिरवतोय, शेजारी मोठ्या माणसाचे काळे पडलेले हात. चकचकीत आतला पितळी टोप एक बांगड्यांचा हात उचलून घेतो. टोपाच्या काठाखाली ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेलं नाव, ‘इंदू १९७१’. श्रुती, ही अक्षरं छिन्नीने एकेक ठिपका मारून कोरतात तशीच हवीत, प्रत्येक ठिपक्याला खोली पाहिजे, कारण पुढे चाचा ती डोळ्यांनी नाही, अंगठ्याने वाचणार आहे. जाता जाता त्या हातातून टोपात ताक ओतल्याचा आवाज येतो. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं हे आपल्याकडे ज्यांच्या घरी आजी होती त्यांना सांगावं लागत नाही, म्हणून ताकच. हे सगळं २२ सेकंदांत. मग पाच सेकंद टायटल.

इथे एक गोष्ट मुद्दाम टाळलीये. कथील पसरतानाची ती चांदीची लाट सुरुवातीला दाखवायची नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती तिसऱ्याच सेकंदाला होती आणि दिसायला भारी होती, पण आपली सगळ्यात मोठी गोष्ट आपण दारातच वाटून टाकली होती. इथे भांडं आधीच झालेलं आहे. लाट एकदाच, शेवटी.

टायटलनंतर तोच दांडा, पण हात म्हाताऱ्याचा. सायकलच्या कॅरिअरला पंखा सुतळीने बांधलाय आणि सायकल ढकलताना दांडा आपोआप थोडा थोडा फिरतोय. कसबा पेठ, सकाळचे दहा. लांबून तांबट आळीतली ठोक्यांची ठकठक. तन्मय, ही लायब्ररीतली घेऊ नकोस, तिथे जाऊन रेकॉर्ड कर, चार-पाच जण एकाच वेळी ठोकत असले की तो ताल कुणी ठरवलेला नसतो तरी असतो, तो हवाय. चाचा तोंड उघडतो, “कल्ह…” आणि मागून बुलेट जाते. पुन्हा, “कल्ह…” आणि ड्रिल मशीन सुरू होतं. हाळी अर्धीच राहते. वाड्याची निम्मी भिंत पाडलेली, हिरवी जाळी लावलेली. तो नेहमीच्या जागी येतो, चौकातलं पिंपळाखालचं दगडी जोतं, तिथल्या फरशीवर त्याच्या भट्टीचा काळा गोल डाग वर्षानुवर्षांचा. त्या डागावर भंगारवाल्याच्या हातगाडीचं चाक उभं आहे आणि गाडीत पितळेचा ढीग.

इथे पहिला अंक संपतो. त्याला काय हवंय हे आता कळलं, आज एक भांडं. बस. फार मोठं स्वप्न देऊ नका त्याला, एकच भांडं हवंय म्हणूनच ते न मिळणं टोचतं.

अंक दुसरा, १:१५ ते ३:१२

तीन दारं. पहिलं वेगाने जायचं, सात सेकंद: कुलूप, त्यावर धूळ, पुढे चला. दुसऱ्या खिडकीतून स्टीलचं पातेलं घासणारा हात नुसता नकारार्थी हलतो, आणि पातेल्याचं तेज चाचाच्या डोळ्यावर येतं, त्याला डोळे मिटावे लागतात. तिसऱ्यावर मात्र थांबायचं. तिसऱ्या दारातून एक हात खरोखर भांडं पुढे करतो, चाचा सायकल घाईघाईने स्टँडवर लावतो, हात सदऱ्याला पुसतो, भांडं घेतो आणि बघतो तर कोटिंग उडालेला नॉनस्टिक तवा. त्याला कल्हई होत नाही. पण तो लगेच परत देत नाही, दोन्ही हातांनी धरून उलटा करून बघतो, काही करता येईल का म्हणून. मग तितक्याच अदबीने परत देतो. ओंकार, या शॉटला मी १६ सेकंद दिलेत आणि एकही कमी करू नकोस. लोकांना हा माणूस इथे आवडणार आहे, पुढे नाही.

मग जोत्यावर बसणं. खिशातून कथिलाची कांडी काढतो, बोटाच्या एका पेराएवढी उरलीये. म्हणजे एकाच भांड्यापुरती. हे दिसलंच पाहिजे, बोटाशेजारी धरून.

भंगारवाल्याचा हात फ्रेममध्ये येतो आणि पंख्यावर टिचकी मारतो. टण्ण. बिडाचा आवाज. चाचा सायकल स्वतःकडे ओढून घेतो. थोडा वेळ जातो, सावली फरशीवरून सरकते (एकच शॉट, डिझॉल्व्ह नको, श्रुतीच्या बॅकग्राउंडवर सावली हलवायची). आणि मग तो स्वतःच उठतो आणि सुतळी सोडायला लागतो. कुणी जबरदस्ती केलेली नाही. गाठ घट्ट आहे, बोटं थरथरतात, दाताने सोडवतो. पंखा लटकत्या काट्याच्या हुकाला अडकवतो. काट्याची सुई थरथरत सातवर जाते आणि दांडा लोंबकळत एक अर्धा फेरा मारून थांबतो. घरघर बंद. तन्मय, टायटलपासून कुठे ना कुठे ती घरघर चालूच ठेव, अगदी बारीक, म्हणजे इथे ती थांबली की कानाला कळेल.

वळण, २:५६ ते ३:१२

भंगारवाल्याचा हात नोटा मोजतो. चाचा तिकडे बघत नाहीये, आधाराला हात गाडीच्या ढिगावर टेकलाय. अंगठ्याखाली काहीतरी लागतं. क्लोजअप: अंगठा ठिपक्यांवरून सरकतो, आपल्याला अक्षर दिसत नाही, फक्त ठिपके एकेक करून बोटाखालून निघतात. अंगठा थांबतो. मग टोप वर येतो, काळा, आतून हिरवट डाग पडलेला, ‘इंदू १९७१’. फ्लॅशबॅक नाही. संगीत नाही.

नोटा पुढे येतात. त्याचा हात नोटांकडे जातो, नोटांवरून पुढे जातो, आणि पंखा हुकावरून काढतो.

कट. काट्याची सुई सातवरून शून्यावर.

हे आपलं वळण. चेहरा दाखवायचा नाही, सुई दाखवायची. मी बराच विचार केला की इथे त्याचे डोळे हवेत का, कारण एवढा वेळ ज्या एका चेहऱ्यासोबत आपण आहोत तो ऐनवेळी का लपवायचा. पण डोळे दाखवले की आपण लोकांना सांगतो काय वाटून घ्यायचं, सुई दाखवली की त्यांना स्वतः कळतं की या माणसाने परत घेतलं. आणि लक्षात घ्या, टोप सापडणं हे वळण नाही, तो योगायोग आहे, टोप सापडूनही तो उसासा टाकून पैसे घेऊ शकला असता. पंखा काढणं हे वळण आहे, कारण त्याची किंमत आहे, त्या नोटा. योगायोगाने त्याला अडचणीत टाकलं तर चालतं, त्यातून बाहेर मात्र त्याने स्वतःच यायचं.

अंक तिसरा, ३:१२ ते ४:४०

भट्टी त्याच काळ्या डागावर. चाक बाजूला सरकवणारा हात भंगारवाल्याचा, विचारावं लागत नाही. कोळसा, पंखा, घरघर परत सुरू. वाळूने टोप घासणं भराभर कटमध्ये. ओंकारने स्केचमध्ये टोप लालभडक केलाय तो बदल प्लीज, कथील २३२ अंशांवर वितळतं, पितळ लाल होईपर्यंत तापवायची गरजच नसते, जास्त तापलं तर काम बिघडतं. रंग फक्त थोडा खोल होतो, चाचा हात जवळ नेऊन अंदाज घेतो, ते दाखव. मग नवसागर, पांढरा धूर फ्रेमभर, चाचा दिसेनासा होतो. धुरातून हात, हातात ती पेरभर कांडी, टोपाच्या तळाला टेकते, संपते. कापसाचा बोळा. आणि लाट.

लाट चार सेकंद, फक्त हीच वन्स् वर. म्हणजे ४८ ऐवजी ९६ ड्रॉइंग, जास्तीची ४८ मी स्वतः करते. काळ्यावर पांढरं ‘येत’ नाही, बोळ्याच्या मागोमाग ते ओढलं जातं, कड पाण्यासारखी थरथरते आणि मग एकदम बसते. त्या नव्या तेजात चाचाचा चेहरा दिसतो, वाकडातिकडा, भांड्याच्या आकाराचा. मघाशी लपवलेले डोळे आपण इथे देतोय. पाण्यात टोप, चर्रर्र.

हा टोप त्याचा नाही, विकला गेलेला आहे, त्यामुळे तो पुसून परत गाडीवर ठेवतो. पैसे मागत नाही. भंगारवाल्याचा हात तो उचलतो, ढिगाकडे नेतो, अडखळतो आणि गाडीच्या दांडीला वेगळा लटकवतो. एवढंच. तो टोप फुकट देत नाही, मिठी मारत नाही, दोघांची दोस्ती होत नाही. गाडी एका बाजूला जाते, टोप उन्हात हलतोय, चाचा सायकल घेऊन दुसऱ्या बाजूला. खिशात कथील नाही.

तो तोंड उघडतो. आपण बुलेटची वाट बघतो. बुलेट येत नाही.

“कल्हैऽऽऽय!”

पूर्ण, गल्लीच्या टोकापर्यंत. ४:४० ला काळा पडदा, क्रेडिट्स. क्रेडिट्सच्या बाराव्या सेकंदाला कुठेतरी वर एक कडी सरकल्याचा आवाज. खिडकी दाखवायची नाही, कोण आहे तेही नाही.

रविवारी अकराला माझ्याकडे अ‍ॅनिमॅटिक बघू. सगळं झालं नाही तरी चालेल, पण सुतळीची गाठ, ठिपक्यांवरचा अंगठा आणि सुई हे तीन शॉट आधी करून आणा, आणि आवाजाशिवाय आणा.