विषय: पाककृतींच्या पुस्तकाची बांधणी आणि पुढच्या कामाची पद्धत

सुहासराव, नमस्कार.

गुरुवारी आलेल्या 1000 प्रतींपैकी निरनिराळ्या गठ्ठ्यांमधल्या 100 प्रती आम्ही उघडून पाहिल्या. 17 प्रतींची पानं सुटतायत. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवलं की कण्याजवळचा गोंद तडकतो आणि चार-सहा पानं हातात येतात. आणखी 4 प्रतींमध्ये पाचवा फर्मा दोनदा लागलाय आणि सहावा नाहीच. या सगळ्या प्रती वेगळ्या ठेवल्या आहेत, फोटो सोबत जोडले आहेत.

हे पुस्तक ओट्यावर उघडं पडून राहणार, ओल्या हातांनी उलटलं जाणार. म्हणूनच ऑर्डरमध्ये आपण शिवण बांधणी लिहिली होती आणि दरही त्याचाच ठरला होता. आलेल्या प्रती मात्र नुसत्या गोंदावर बांधलेल्या आहेत. हा बदल आम्हाला आधी कळवायला हवा होता, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं.

एप्रिलमधल्या कथासंग्रहातही फर्म्यांची अदलाबदल झाली होती, आणि त्याआधीच्या बालकवितांच्या पुस्तकाचा कणा महिन्याभरात तडकला होता. दोन्ही वेळा आपण फोनवर बोललो आणि तुम्ही कुरकुर न करता प्रती बदलून दिल्यात. पण तेवढ्यावर भागत नाही. वाईट प्रत आमच्याकडे परत येते ती वाचकाच्या हाती पडून गेल्यावरच, आणि न परतणाऱ्या प्रती किती असतील ते कोणालाच कळत नाही. म्हणून यावेळी लेखी कळवते आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. तुमच्याकडची मुखपृष्ठाची छपाई आणि लॅमिनेशन आम्हाला इतरत्र मिळालेलं नाही. या पुस्तकावरचा हळदीचा पिवळा चित्रकाराच्या मूळ चित्राशी तंतोतंत जुळलाय. तारखाही तुम्ही पाळता. मशीनवरचं काम चोख होतं आणि बिघडतं ते बांधणीच्या टेबलावर, असं मला दिसतं.

नेमकं कारण तुम्हीच सांगू शकाल, पण पाहिलेलं लिहिते. सुटलेल्या पानांच्या कडा गुळगुळीत आहेत. कणा पुरेसा खरवडला गेला नसावा, त्यामुळे गोंद आत शिरलेला नाही. काही प्रतींत पानं कण्याजवळ लाटांसारखी उठली आहेत. कागदाचा ग्रेन कण्याला समांतर न ठेवता आडवा गेला की पावसाळी हवेत हे होतंच. कागद 70 जीएसएमचाच आहे का, हेही पाहावं. 23×36 इंची 500 ताव साधारण 18.7 किलो भरायला हवेत. तुमच्याकडे काटा आहे, उरलेलं रीम तोलून वजन कळवा.

आता या पुस्तकाबद्दल. सर्व 1000 प्रती परत न्याव्यात. गोंदाची बांधणी एकदा झाली की घड्या कापल्या जातात, त्यांना मग शिवण घालता येत नाही. त्यामुळे आतली पानं नव्याने छापावी लागतील, आणि तो खर्च तुमच्याकडे असावा, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. मुखपृष्ठं शिल्लक नसतील तर त्यांच्या छपाईचा निम्मा खर्च आम्ही उचलू. उरलेलं 40 टक्के बिल नव्या प्रती तपासून झाल्यावर आठवड्याच्या आत देऊ.

इथून पुढे मला एकच गोष्ट पक्की हवी आहे: पहिली बांधलेली प्रत आमच्याकडे यावी, आणि आमचा लेखी होकार मिळेपर्यंत बाकीच्या बांधू नयेत. शिवणीऐवजी नुसता गोंद लागलाय, हे पहिल्याच प्रतीत दिसलं असतं. एक दिवस जास्त लागेल, तो आम्ही वेळापत्रकात धरू. आमच्या बाजूने प्रत्येक फर्म्याच्या घडीवर काळी खूण फाइलमध्येच टाकून देऊ. खुणा पायरीसारख्या उतरत जातात, त्यामुळे एखादा फर्मा चुकला तर गठ्ठा हातात घेताच दिसतो. गॅदरिंग करणाऱ्या बायकांना हे तुम्ही स्वतः दाखवावं. घाईत त्यांच्याकडून तपासणीची अपेक्षा करायची आणि तपासायला काही द्यायचं नाही, हे बरोबर नाही.

सध्याच्या दरात शिवण परवडत नसेल, किंवा ते काम बाहेर द्यावं लागत असेल, तर मोकळेपणाने सांगा. दरावर पुन्हा बोलू. ठरलेलं न सांगता बदलणं मात्र आम्हाला चालणार नाही. ऑगस्टमधलं 2000 प्रतींचं पुस्तक मी तुमच्यासाठीच राखून ठेवलं आहे, पण त्याची ऑर्डर या पुस्तकाची नवी नमुना प्रत पसंत पडल्यावरच निघेल.

सोमवारी 11 वाजता मी प्रेसवर येते. बांधणीचं काम पाहणारे तुमचे फोरमनही असावेत. सुटलेल्या प्रतींपैकी पाच बरोबर आणते. नव्या प्रतींची तारीख तेव्हाच ठरवू. लेखिकेला मला कळवायचं आहे.

आपली,
वैशाली
निर्मिती विभाग