दोन बिले, एक पेन्सिल: जीएसटी आणि वीजबिलाचा सराव

उत्तर काढल्यावर ते बिलाच्या त्याच ओळीशी ताडून पाहा. दर सरावापुरते आहेत. आकारणीची रीत मात्र खऱ्या बिलातली.

बिल १ : विद्युत साहित्य, तपकीर गल्ली

एलईडी बल्ब ४ नग, दर ८० रु.
एक्स्टेंशन बोर्ड १ नग, दर ४३० रु.
सूट १०%, सीजीएसटी ९%, एसजीएसटी ९%

प्र. १. करपात्र रक्कम किती?
प्र. २. प्रत्येक कर किती, आणि बिल किती?
प्र. ३. दुसऱ्या दुकानात एका वस्तूची छापील किंमत करासह ५९० रु. आहे. कर १८%. मूळ किंमत काढा.

बिल २ : घरगुती वीज, कोथरूड

मागील रिडिंग ४८६२, चालू रिडिंग ५०२७, गुणक अवयव १
स्थिर आकार १३० रु.
वीज आकार: पहिली १०० युनिट ४.५० रु., १०१ ते ३०० युनिट १० रु.
वहन आकार १.२० रु. प्रतियुनिट
इंधन समायोजन ०.४० रु. प्रतियुनिट
वीज शुल्क १६%

प्र. ४. वीज आकार किती?
प्र. ५. देयकाची पूर्णांक रक्कम, जवळच्या दहा रुपयांपर्यंत, किती?

उत्तरे आणि पडताळा

१. ३२० + ४३० = ७५०. सूट ७५. करपात्र ६७५ रु. सूट आधी, कर नंतर. क्रम उलटला की ७५० वर १३५ रु. कर लागतो, म्हणजे १३.५० रु. जास्त.

२. ६७५ चे ९% = ६०.७५. दोन्ही मिळून १२१.५०. बिल ७९६.५०, राउंड ऑफ + ०.५०, देय ७९७ रु. दोन्ही रकाने सारखेच यायला हवेत. कोणी दोन्हीकडे १८% लिहिले असेल तर कर दुप्पट झालाय.

३. ५९० × १०० ÷ ११८ = ५००. ५९० मधून त्याचेच १८% (१०६.२०) वजा करणे ही हमखास होणारी चूक. ५०० वर १८% लावून पाहा: ९०, बेरीज ५९०. जुळले.

४. ५०२७ − ४८६२ = १६५ युनिट. १०० × ४.५० = ४५०; उरलेली ६५ × १० = ६५०. वीज आकार ११०० रु. सगळी १६५ युनिट दहाच्या दराने धरली तर १६५० येतात. वरच्या टप्प्यात गेलो म्हणून खालची शंभर युनिट महाग होत नाहीत.

५.
स्थिर आकार १३०.००
वीज आकार ११००.००
वहन आकार १६५ × १.२० = १९८.००
इंधन समायोजन १६५ × ०.४० = ६६.००
उपबेरीज १४९४.००
वीज शुल्क १६% = २३९.०४
एकूण १७३३.०४, पूर्णांक १७३० रु.

शुल्क २१८.२४ आले असेल तर स्थिर आकार टक्केवारीतून सुटलाय: १३० चे १६% = २०.८०, फरक तेवढाच. आणि या बिलात जीएसटीची ओळ शोधू नका. विजेवर जीएसटी नाही.