अतितातडीचे रेफरल: जायंट सेल आर्टेरायटिसचा संशय, उजव्या डोळ्याला धोका

प्रति,
ड्यूटीवरील नेत्ररोगतज्ज्ञ

मंगळवार, सकाळी 11.15

आदरणीय मॅडम,

72 वर्षांच्या या आजींना जायंट सेल आर्टेरायटिस असावा असा माझा दाट संशय आहे. गेल्या 36 तासांत उजव्या डोळ्याची दृष्टी दोनदा जाऊन परत आली. त्यांना आजच, ओपीडीच्या रांगेत न थांबवता तपासावे ही विनंती. सकाळी 10.40 ला माझ्यासमोर प्रेडनिसोलोन 60 मि.ग्रॅ. तोंडाने दिले आहे.

मला आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा कमी पडतो आहे का, आणि तसे असल्यास दाखल करून शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन द्यावे का? दुसरे, टेम्पोरल आर्टरीची सोनोग्राफी येत्या एक-दोन दिवसांत आणि गरज पडल्यास बायोप्सी आपल्याकडे होईल का? स्टेरॉइड सुरू झाल्यावर सोनोग्राफीतल्या खुणा लवकर पुसट होतात. पण तपासणीसाठी औषध थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रविवारी रात्री टीव्ही पाहताना उजव्या डोळ्यापुढे वरून पडदा उतरल्यासारखे झाले. साधारण दहा मिनिटांनी दिसू लागले. काल दुपारी पुन्हा तेच, या वेळी पाचेक मिनिटे. डोळा लाल नाही, दुखत नाही. डबल व्हिजन नाही.

डोकेदुखी चार आठवड्यांपासून आहे, उजव्या कानशिलात. आयुष्यात असे डोके कधी दुखले नव्हते, असे त्या सांगतात. उजव्या बाजूला कंगवा लावू देत नाहीत, त्या कुशीवर झोपता येत नाही. भाकरीचे चार-पाच घास खाल्ले की जबडा भरून येतो, थांबावे लागते, दोन मिनिटांनी पुन्हा चावता येते. याच दुखण्यासाठी त्या दाताच्या डॉक्टरांकडेही जाऊन आल्या, दातांत काही निघाले नाही. दोन महिन्यांपासून सकाळी खांदे तासभर आखडलेले असतात. वजन 61 वरून 57 किलोवर आले आहे.

पहिले तीन आठवडे मी हे मानेच्या स्पॉन्डिलोसिसमुळे असेल असे धरून पॅरासिटामॉल देत होतो. जबड्याचे काल मी मुद्दाम विचारले तेव्हा कळले. आपणहून त्यांनी ते मला सांगितले नव्हते, कारण ते दाताचे दुखणे आहे असे त्यांना वाटत होते.

तपासणीत उजवी टेम्पोरल आर्टरी दोरीसारखी जाड, दाबल्यावर दुखरी आणि ठोका अगदी क्षीण. डावीकडे ठोका नीट लागतो. दृष्टी आज दोन्ही डोळ्यांत चष्म्यासह 6/9, बाहुल्यांत फरक नाही. बाहुली न वाढवता ऑप्थॅल्मोस्कोपने डिस्क ठीक वाटली, पण त्या भरवशावर नस सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही. बीपी 148/84. नाडी 84, नियमित. मानेत ब्रुई नाही, हातापायांत कमजोरी नाही. ईसीजी सायनस ऱ्हिदम.

रक्त काल संध्याकाळी, म्हणजे स्टेरॉइडच्या आधी घेतले: ईएसआर 96, सीआरपी 68 मि.ग्रॅ. प्रति लिटर, हिमोग्लोबिन 10.2, प्लेटलेट्स 4.9 लाख, क्रिएटिनिन 0.9. रिपोर्ट सोबत आहेत.

स्टेरॉइड देताना दोन अडचणी आहेत. 14 वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन 500 मि.ग्रॅ. दोनदा, एचबीए1सी 7.9. आज सकाळची रँडम शुगर 168 होती. डोस 60 मि.ग्रॅ. असल्याने आज दुपारपासूनच ती चढेल, म्हणून दाखल केल्यास शुगरचा चार्ट लावावा. 2019 मध्ये वेदनाशामक गोळ्यांमुळे जठराच्या अल्सरमधून रक्तस्राव होऊन रक्त चढवावे लागले होते. त्यामुळे पँटोप्रॅझोल 40 सुरू केले आहे, ॲस्पिरिन मात्र दिलेले नाही. तो निर्णय आपल्यावर सोपवतो. याशिवाय अ‍ॅम्लोडिपिन 5 चालू आहे. औषधाची ॲलर्जी नाही.

डोळा कायमचा जाऊ शकतो आणि पाठोपाठ दुसराही, हे आजींना आणि सोबत आलेल्या सुनेला मी स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. आजींना डाव्या कानाने कमी ऐकू येते, कृपया उजव्या बाजूने बोलावे. घाबरल्या की त्या सगळ्याला "बरं आहे" म्हणतात, म्हणून दृष्टीविषयी दोनदा विचारावे.

सकाळी साडेनऊला सुनेच्या हाती दिलेली दोन पानी चिठ्ठी मधुमेहापासून सुरू होत होती आणि डोळ्याचा उल्लेख दुसऱ्या पानाच्या तळाशी होता. ती बाजूला ठेवून हीच ग्राह्य धरावी.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना आपल्याकडूनच कळवता आले तर बरे. घरी सोडल्यास रोजचा डोस आणि पुढची तारीख कागदावर लिहून द्यावी. शुगर, बीपी आणि हाडांचे औषध मी बघेन. मी रात्री नऊपर्यंत दवाखान्यात आहे, नंतरही फोन उचलेन. नंबर लेटरहेडवर आहे.

आपला,
रुग्णाचा फॅमिली डॉक्टर
(आजी 16 वर्षे माझ्याकडे उपचार घेत आहेत)