केसपेपर: ६२ वर्षांच्या बाई, झोपेची गोळी मागायला आलेल्या

बाईंच्या शब्दांत

"डॉक्टर, मला फक्त झोपेची गोळी द्या. झोपच नाही हो. म्हणजे लागते, पडल्या पडल्या लागते, पण दीड-दोन तासांनी खाडकन जाग येते आणि जीव नुसता घाबरा होतो. उठून खिडकीशी बसते. सून म्हणते, काळजी करता. आता मुलाची नोकरी गेली, काळजी नाही का वाटणार? ते असो. पंधरा-वीस मिनिटांनी बरं वाटतं. दहा दिवस झाले हे. एका उशीवर झोपणारी मी, आता तीन लागतात. आडवं पडलं की खोकला उठतो. जिना म्हणाल तर दोन मजले बोलत बोलत चढायचे, आता एकातच दोनदा थांबते. वय झालं, दुसरं काय! केव्हापासून? बहिणीकडे होते तेव्हा ठणठणीत होते, त्याला दीड महिना झाला. आठवडाभर संध्याकाळी चपलाही घट्ट होतात. बीपीची गोळी होय? ती संपली. डोकं दुखत नव्हतं, म्हटलं कशाला उगीच. झाले तीन महिने."

मुख्य तक्रारी

श्रमाने धाप लागणे – दीड महिना
रात्री धाप लागून जाग येणे – १० दिवस
दोन्ही पावलांना सूज – ७ दिवस

सध्याच्या आजाराचा इतिहास

८ वर्षांपासून उच्च रक्तदाब. ३ महिन्यांपासून औषध स्वतःहून बंद. दीड महिन्यापूर्वीपर्यंत त्रास नव्हता. त्यानंतर चढताना धाप, हळूहळू वाढत गेलेली: पूर्वी २ मजले न थांबता, आता १ मजल्यात २ वेळा थांबावे लागते. आडवे पडल्यावर धाप व कोरडा खोकला; उशा १ वरून ३. गेले १० दिवस रोज रात्री झोपेनंतर दीड-दोन तासांनी धाप लागून जाग येते, उठून बसल्यावर १५-२० मिनिटांत आराम. ७ दिवसांपासून पावलांना सूज, संध्याकाळी जास्त. छातीत दुखणे, धडधड, ताप, घरघर, कफातून रक्त: विचारले, नाही. लघवीचे प्रमाण: रुग्णाला सांगता येत नाही.

इंटर्नसाठी

तुझ्या मसुद्यात पहिली तक्रार 'निद्रानाश – १० दिवस' होती. बाईंना झोप लागते. धाप त्यांना उठवते. तेवढ्यावर झोपेची गोळी दिली गेली असती. 'हार्ट फेल्युअर'ही इथून काढलं आहे, ते तात्पुरत्या निदानात लिही. मुलाची नोकरी खोडू नकोस, सामाजिक इतिहासात घे. औषधं परवडतात का, हे तिथूनच कळेल. लघवीचं तू 'नॉर्मल' लिहिलं होतंस. बाई तसं म्हणाल्या नाहीत. आणि कुठली गोळी बंद केली त्याचं नाव अजून नाही, सुनेला जुनी पट्टी आणायला सांग.