या हंगामात कोण किती खेळणार: पालकांना पत्र

परळ, मुंबई
21 सप्टेंबर

सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

गणपती आटोपले, मंडपाचे खड्डे बुजवून झाले, आता मैदान पुन्हा आपल्या ताब्यात आलंय. दसऱ्यानंतर सामने सुरू होतील ते थेट फेब्रुवारीपर्यंत. त्याआधी एका विषयावर लिहून देतो. गेल्या वर्षी तो मी तोंडी सांगितला आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीचा ऐकला. थोडा दोष माझाही. विषय म्हणजे, आपल्या मुलाला किंवा मुलीला सामन्यात किती खेळायला मिळणार.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारताच्या दोन्ही संघांनी खो-खोचा विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडची गर्दी वाढली. आज किशोर गटात 23 मुलगे आणि 19 मुली आहेत. सामन्याच्या यादीत 15 नावं जातात आणि मैदानात एका वेळी 9 जण उतरतात. म्हणजे प्रत्येक सामन्यात कुणाच्या तरी आईबाबांना वाईट वाटणारच आहे.

त्यात आपला खेळ जरा विचित्र. आक्रमणात आठ जण पाटीवर बसलेले असतात. मैदानात सगळेच, पण मधल्या पाटीवरच्याला दहा खो मिळतात आणि कडेच्याला कधी कधी दोनच. संरक्षणात तर उलटाच न्याय आहे. तीन-तीनच्या तुकड्या आत जातात, किशोर गटात पाळी 7 मिनिटांची. पहिली तुकडी चार मिनिटं टिकली, दुसरी अडीच मिनिटं टिकली, की तिसऱ्या तुकडीला उरतं अर्धं मिनिट. पुढचे जितके चांगलं खेळतील तितकं मागच्यांना कमी मिळतं. त्यामुळे घड्याळ लावून 'माझा मुलगा किती मिनिटं खेळला' हे मोजत बसण्यात अर्थ नाही, हे आधी मान्य करू.

गेल्या हंगामातल्या एका अंतिम सामन्यात मी दोन्ही डावांत तुकड्यांचा क्रम तोच ठेवला. पहिल्या तुकडीने कमाल केली. तिसऱ्या तुकडीतला एक मुलगा दोन्ही वेळा रेषेबाहेर उभ्याउभ्या पाय झटकत राहिला. त्याची आजी कल्याणहून लोकलने आली होती, पिशवीत चिवड्याचा डबा घेऊन. सामना आम्ही जिंकलो. फोटोला सगळे लाल मातीने माखलेले आणि हा कोरा करकरीत, गंजीची घडीसुद्धा मोडलेली नाही. आजींनी मला काही विचारलं नाही, चिवडा मात्र माझ्या हातावर आधी ठेवला. तो घशाखाली उतरायला वेळ लागला. क्रम बदलणं माझ्या हातात होतं, जिंकण्याच्या नादात ते मला सुचलंच नाही.

म्हणून यंदा असं ठरवलंय. तुकड्यांचा क्रम पाळी सुरू होण्याआधी गुणलेखकाकडे द्यावा लागतो. मैत्रीपूर्ण सामन्यांत आणि स्पर्धांच्या साखळी फेरीत पहिल्या डावातली तिसरी तुकडी दुसऱ्या डावात पहिली जाईल. समोरचा संघ कितीही तगडा असला तरी. यादीतल्या पंधराही जणांना साखळी फेरीत किमान एक पूर्ण पाळी आक्रमणाला मिळेल आणि किमान एकदा संरक्षणाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या तुकडीत जाता येईल. पाट्याही बदलत राहतील. खांबाजवळची पाटी कुणाच्या नावावर लिहून दिलेली नाही.

बाद फेरी सुरू झाली की हे बंधन नाही. तिथे त्या दिवशी जे नऊ बरे वाटतील ते उतरतील आणि ते मी ठरवीन. उपांत्य सामन्यात सगळ्यांना सारखं मिळेल असं गोड बोलून आपल्याला फसवायचं नाही.

पंधराच्या बाहेर जे राहतील त्यांच्यापैकी कुणीही सलग दोन स्पर्धा बाहेर राहणार नाही. अट एकच, हजेरी. महिन्यात 16 सराव होतात, त्यातले 12 हवेत. ताप, पाळीचा त्रास, शाळेची परीक्षा, घरातलं कार्य, ही कारणं हजेरीतच धरली जातील, फक्त आदल्या दिवशी किंवा सकाळी कळवा. क्लासचं कारण मात्र धरणार नाही. क्लासला विरोध नाही माझा, पण जो मुलगा चिखलात बारा दिवस सूर मारून गुडघे सोलून घेतो त्याच्या जागी न आलेल्याला उतरवलं तर उद्या त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. हा नियम आपल्या सगळ्यात वेगवान मुलालाही लागू आहे. त्याच्या बाबांशी बोलणं झालंय, ते हसले, पण 'चालेल' म्हणाले.

गुडघा किंवा घोटा दुखावला असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी उतरवणार नाही. 'दादा, आता काही दुखत नाही' हे सामन्याच्या सकाळचं वाक्य मी धरत नाही.

महिन्याची 300 रुपये फी मैदानाची माती, फक्की, मॅट आणि प्रवासासाठी आहे. तिच्यातून जागा मिळत नाही आणि ज्याची फी थकली आहे त्याची जागा जातही नाही. अडचण असेल तर मला एकट्याला सांगा. जिल्हा निवड चाचणीचं माझ्याकडे काही नाही. तिथे निवड समिती बघते, मी फक्त नावं पाठवतो.

आता एक विनंती, जरा कळकळीची. सामना चालू असताना रेषेवरून 'उठ! उठ! पळ!' असं ओरडू नका. पाटीवर बसलेलं मूल आईचा आवाज ओळखतं आणि खो मिळायच्या आधीच उठतं. तो फाऊल असतो. हाताशी आलेला पळणारा सुटून जातो आणि मग ते पोर उरलेली पाळी माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघत राहतं. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा. समोरच्या मुलाने चांगली हुलकावणी दिली तर त्यालाही वाजवा.

न खेळवल्याबद्दल बोलायचं असेल तर त्याच दिवशी नको. माझं डोकं तापलेलं असतं, तुमचंही. ग्रुपवर तर मुळीच नको, तिथे बाकीची मुलंही वाचतात. दर शनिवारी सराव संपल्यावर साडेसहा ते सात मी मैदानाच्या फाटकापाशी बसतो. यंदापासून एक जाड वही ठेवली आहे. कोणत्या सामन्यात कोण कोणत्या पाटीवर होतं, किती खो मिळाले, कोण कितव्या तुकडीत होतं आणि किती टिकलं, सगळं त्यात लिहिणार आहे. आपल्या मुलाचं पान बघा आणि मग भांडा. हिशेब चुकलेला दिसला तर मी दुरुस्त करीन. मुलालाही सोबत आणा. पुष्कळदा असं होतं की वाईट वाटलेलं असतं ते आईबाबांना आणि मुलाचं म्हणणं वेगळंच निघतं. एका मुलीला संरक्षण नको होतं, तिला खांबावरच खेळायचं होतं. ते मला सहा महिन्यांनी कळलं.

हे पत्र वाचून खाली सही करून शुक्रवारपर्यंत मुलांसोबत पाठवा. पटलं नसेल तरी सही करा आणि शेजारी 'पटलं नाही' लिहा, म्हणजे शनिवारी कुणाकुणासाठी चहा सांगायचा ते मला कळेल.

कळावे,

आपला,
दादा
प्रशिक्षक, किशोर-किशोरी गट

ता. क. मॅटवरच्या सामन्यांना बूट लागतील. नवे घेतलेत तर सामन्याआधी आठवडाभर घालून पळू द्या, नाहीतर पायाला फोड येतात आणि मग तिसऱ्या तुकडीत जाऊन उभं राहावं लागतं.