मॅडमच्या शिफारशीला उत्तर

मॅडम, मनापासून आभार. तुमची शिफारस दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून बरं वाटलं, दुसऱ्यांदा जरा अवघडल्यासारखं झालं. पेरोलच्या मायग्रेशनबद्दल तुम्ही लिहिलंय, 'त्या रात्री याने एकट्याने सगळं सावरलं.' हे इथे सगळ्यांना दिसणार आहे, म्हणून काय घडलं तेही इथेच सांगतो.

जुन्या सिस्टीममधून आलेल्या फाइलमध्ये तारखा आधी दिवस, मग महिना अशा होत्या. नव्या डेटाबेसमध्ये `DateStyle` होतं `MDY`, म्हणजे आधी महिना. माझी स्क्रिप्ट एकेक ओळ आत घालत होती. ११४० पैकी ६९० ओळी नाकारल्या गेल्या, कारण पंचविसावा महिना कुठून आणणार? मी सेटिंग बदललं, नाकारलेल्या ओळी पुन्हा चालवल्या, सगळ्या गेल्या. दोन्हीकडचा आकडा ११४० जुळला आणि मी ग्रुपवर 'झालं' असं टाकून चहा प्यायला गेलो.

घोळ उरलेल्या ४५० मध्ये होता. ज्या तारखेतला दिवस बारापर्यंतचा असतो, ती उलटी वाचली तरी खरीच तारीख वाटते. डेटाबेस हूं की चूं करत नाही. एक-एक, दोन-दोन अशा तारखा तेवढ्या बचावतात, म्हणजे वर्षाच्या ३६५ पैकी १३२ तारखा गुपचूप चुकतात. हे गणित मी नंतर, शांतपणे मांडलं. त्या रात्री ते माझ्या डोक्यात नव्हतं. चाचणीच्या आराखड्यात 'नाकारलेल्या ओळी तपासणे' हे वाक्य माझंच आहे. स्वीकारलेल्या ओळी तपासायच्या, असं त्यात कुठेही नाही.

चूक सापडली ती पगार विभागातल्या ताईंना. त्यांना फक्त नव्या स्क्रीनवर एक नजर टाकायला बोलावलं होतं. त्यांनी चार-पाच जण उघडून बघितले आणि विचारलं, "अहो, हा मुलगा सप्टेंबरात रुजू होणार दाखवताय. आत्ता मे चाललाय. मग एप्रिलचा पगार मी कोणाला काढला?" तो ९ मार्चला रुजू झाला होता. आम्ही त्याला ३ सप्टेंबरला नेऊन बसवला होता.

पुढचं काम कोणालाही जमलं असतं. तारखा आधी नुसता मजकूर म्हणून वेगळ्या टेबलात घ्यायच्या, मग फॉरमॅट स्पष्ट सांगून बदलायच्या:

```sql
SELECT to_date(joining_text, 'DD/MM/YYYY') FROM staging_emp;
```

पण हे करायला वेळ मिळाला तो तुमच्यामुळे. कॉलवर मी 'चुकलेल्या तेवढ्याच ओळी दुरुस्त करतो' म्हणत होतो. तुम्ही 'कोणी केलं?' हे विचारलंच नाहीत. विचारलंत ते एवढंच, की बॅकअप किती वाजताचा आहे आणि परत फिरायला किती वेळ लागेल. मग सगळं मागे घ्यायला लावलंत आणि वरिष्ठांना स्वतः फोन केलात. तेव्हा मला ते जास्तच वाटलं होतं. आता वाटतं, चुकलेल्या ओळी कोणत्या हेच मला नीट ठाऊक नसताना मी त्या दुरुस्त करायला निघालो होतो.

'दडपणाखालीही शांत राहतो' हेही तुम्ही लिहिलंय. मॅडम, माझा कॅमेरा बंद होता.

एक गोष्ट मात्र मी नाकारत नाही. केलेलं काम मी लिहून ठेवतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्या रात्रीची कमांड न् कमांड, वेळेसकट, माझी चूकसुद्धा, माझ्या नोंदींच्या फाइलमध्ये आहे. पुढच्या टीमने ती वापरली असं कळलं तेव्हा शिफारशीपेक्षा जास्त आनंद झाला होता (राग मानू नका). फाइलमधून येणाऱ्या तारखा `YYYY-MM-DD` मध्येच मागायच्या, हा हट्टही तेव्हापासूनचा. त्यापायी दोन व्हेंडर माझ्यावर वैतागलेले आहेत.

ही शिफारस वाचून कोणी मला कामासाठी विचारणार असेल, तर हेही माहीत असू द्या: मी सावकाश काम करतो. दोन दिवसांचं काम मी चार दिवसांचं सांगतो आणि बहुतेक वेळा चारच लागतात. मॅडमनी हे लिहिलेलं नाही, तो त्यांचा मोठेपणा.

हे टाकण्याआधी ताईंना वाचायला पाठवलं आणि त्यांचं नाव घालू का म्हणून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "नाव नको. आणि चार-पाच नाही, मी अकरा जण उघडले होते."