दवाखान्यातल्या तुमच्या नोंदी चोरीला गेल्या आहेत, कृपया हे पत्र पूर्ण वाचा

सप्रेम नमस्कार,

आपल्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधल्या रुग्णांच्या नोंदी कोणीतरी चोरल्या आहेत आणि त्यात तुमची नोंदही आहे. तपासणीच्या खोलीत तुम्ही विश्वासाने जे सांगितलंत ते सांभाळणं ही आमची जबाबदारी होती. ती आम्ही पार पाडू शकलो नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तीन आठवड्यांपूर्वी रिसेप्शनच्या ईमेलवर लॅब रिपोर्टच्या नावाने एक फाइल आली. असे रिपोर्ट रोजच येतात, त्यामुळे ती उघडली गेली. तिच्यात पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम होता. त्या पासवर्डने चार रात्री कोणीतरी आमच्या सिस्टिममध्ये शिरलं आणि बॅकअपची फाइल घेऊन गेलं. गेल्या मंगळवारी हे आमच्या लक्षात आलं. ज्यांनी फाइल उघडली त्यांचा यात दोष नाही. एकाच पासवर्डवर सगळं उघडत होतं, ही चूक माझी. त्याच दिवशी सगळे कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडले, पासवर्ड बदलले आणि पोलिसांत तक्रार दिली. बाहेरचे तज्ज्ञ सध्या तपास करत आहेत.

चोरीला गेलेल्या फाइलमध्ये तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल नंबर, ईमेल, भेटींच्या तारखा, निदान, औषधांच्या चिठ्ठ्या आणि लॅब रिपोर्ट आहेत. विम्याची कागदपत्रं दिली असतील, तर पॉलिसी नंबरही आहे. कार्डाची किंवा बँक खात्याची माहिती त्यात नाही, कारण ती आम्ही साठवतच नाही. मूळ नोंदी आमच्याकडे शाबूत आहेत. तेव्हा औषधं चालू ठेवा, ठरलेली अपॉइंटमेंट रद्द करू नका.

आता सगळ्यात जास्त सांभाळायचं ते फोन आणि मेसेजना. चोराला तुमचा आजार ठाऊक आहे, त्यामुळे त्याचं बोलणं खरं वाटेल. ‘तुमच्या थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये गडबड आहे, डॉक्टरांनी लगेच बघायला सांगितलंय, ही लिंक उघडा,’ असा मेसेज येऊ शकतो. आजाराचं नाव बरोबर, तारीख बरोबर, डॉक्टरांचं नावही बरोबर. तरीही लिंक उघडू नका. फोन असेल तर ठेवून द्या आणि केसपेपरवर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावून आम्हाला विचारा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर लावू नका. आमच्याकडून कोणीही ओटीपी, पिन किंवा पैसे फोनवर मागणार नाही. या चोरीची ‘नुकसानभरपाई’ देतो म्हणून फोन आला, तर तोही खोटा समजा.

अपॉइंटमेंटसाठी आमच्याकडे ठेवलेला पासवर्ड आजच बदला. तोच पासवर्ड ईमेलला किंवा बँकेला वापरत असाल तर तिथे आधी बदला. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, कारण ईमेल हाती लागलं की बाकीची खाती उघडायला वेळ लागत नाही.

विमा असेल तर कंपनीला ही चोरी कळवा आणि तुमच्या पॉलिसीवर झालेल्या दाव्यांची यादी मागवा. तुम्ही न घेतलेला उपचार त्यात दिसला, तर लगेच लेखी हरकत घ्या. यात पैशापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. तुमच्या नावावर दुसऱ्याने उपचार घेतले, तर त्याचा रक्तगट आणि त्याच्या ॲलर्जी तुमच्या नोंदीत घुसू शकतात. म्हणून कुठल्याही रुग्णालयात गेलात, की या दोन गोष्टी स्वतः सांगून पडताळून घ्या.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लपवणं बरोबर नाही. 2020 मध्ये फिनलंडमधल्या एका मानसोपचार केंद्रातून चोरलेल्या नोंदींच्या जोरावर रुग्णांना थेट ईमेल पाठवून खंडणी मागितली गेली होती. पासवर्ड बदलता येतो, निदान बदलता येत नाही. ‘पैसे द्या, नाहीतर घरच्यांना सांगू,’ अशी धमकी तुम्हाला आलीच, तर पैसे देऊ नका. दिले तरी माहिती पुसली जाईल याची काहीच खात्री नसते. उत्तर न देता स्क्रीनशॉट काढा, मेसेज डिलीट करू नका, पोलिसांकडे जा. एकट्याने जायला अवघड वाटलं तर मला सांगा, मी सोबत येईन. आजारी पडणं हा गुन्हा नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पत्र वाचून दाखवा. मुलांच्या नोंदींसाठी पालकांना वेगळं पत्र पाठवलं आहे.

तुमच्या नोंदीतलं नेमकं काय गेलं याची प्रत काउंटरवर विनामूल्य मिळेल, येताना ओळखपत्र आणा. पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी पाच ते सात मी फक्त याच कामासाठी बसणार आहे. रागावून आलात तरी या.

तुमचे डॉक्टर